चार तासांची असाइनमेंट आणि उरलेला एक पैसा

‘सहलीला गेलेल्या मित्रांचा खर्च वाटून देणारी एक छोटी सेवा लिहा. गटात माणसं जोडता यावीत, कोणी कशावर किती खर्च केला ते नोंदवता यावं आणि शेवटी कोणी कोणाला किती द्यायचे ते कळावं. साधारण चार तास पुरतील. कोड कसा चालवायचा ते लिहून द्या. सात दिवसांत पाठवा.’

सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी अर्ज केला, एचआरशी एखादा फोन झाला की अशी ईमेल येते. वरचा मजकूर मी या लेखासाठी रचला आहे, पण पुण्यात किंवा बंगळुरूत मुलाखती देणाऱ्यांना तो ओळखीचा वाटेल. याला टेक-होम असाइनमेंट म्हणतात. घरी बसून, आपल्या संगणकावर, आपल्या सोयीने काम करायचं आणि पाठवून द्यायचं. समोर कोणी टक लावून बसलेलं नसतं, इंटरनेटवर शोधाशोध करता येते, त्यामुळे फळ्यावर कोडी सोडवण्यापेक्षा हे अनेकांना बरं वाटतं. फक्त फळ्यासमोरची मुलाखत तासाभरात आपोआप संपते. ही परीक्षा कुठे संपवायची ते उमेदवाराला स्वतः ठरवावं लागतं, आणि चांगली चांगली मुलं नेमकी तिथे चुकतात.

अशा असाइनमेंट मी बरीच वर्षं तपासत आलो आहे. हात चांगला असलेल्या प्रोग्रामरचं काम नाकारावं लागतं तेव्हा कारण बहुतेक वेळा एकाच जातीचं असतं. लॉगिन आहे, रंगीत स्क्रीन आहे, खर्चाचे आलेख आहेत, सगळं क्लाउडवर चढवलेलं आहे. आणि हजार रुपये तिघांत वाटले की एक पैसा हरवतो. शनिवार-रविवार पूर्ण खर्ची पडलेला दिसतो, आणि जे विचारलं होतं तेच कच्चं राहिलेलं असतं. हे पाहून वाईट वाटतं, कारण तेच श्रम निम्म्या वेळात, योग्य जागी लावले असते तर निकाल उलटा लागला असता.

तपासणारा माणूस आधी डोळ्यांसमोर आणायला हवा. तो स्वतः प्रोग्रामर असतो आणि रोजच्या कामातून अर्धा-पाऊण तास काढून ही तपासणी करतो. पहिल्यांदा तो रीडमी, म्हणजे कोडसोबतची माहितीची फाइल उघडतो आणि तिथल्या आज्ञा चालवून पाहतो. चाललं तर विचारलेल्या गोष्टी एकेक करून बघतो. मग मुख्य हिशेब जिथे आहे ती फाइल वाचतो, टेस्टवरून नजर फिरवतो, गिटमधला कमिटांचा इतिहास चाळतो. या क्रमात जे आधी येतं त्याचं वजन जास्त. पहिल्या दहा मिनिटांत सेवा सुरूच झाली नाही, तर आतल्या सुंदर कोडपर्यंत तो पोहोचेलच असं नाही.

आता आपल्या असाइनमेंटकडे वळू. व्याप्ती ठरवायची म्हणजे मजकुरातली क्रियापदं शोधायची. इथे ती तीन आहेत: माणसं जोडणं, खर्च नोंदवणं आणि कोणी कोणाला किती द्यायचे ते सांगणं. चौथी गोष्ट कागदपत्राची, कसं चालवायचं ते लिहून देण्याची. एवढंच मागितलं आहे. लॉगिन मागितलेलं नाही, स्क्रीन मागितलेली नाही, डॉलर-रुपयांचा विनिमय मागितलेला नाही. ‘सेवा’ म्हटलं आहे, म्हणजे इंटरनेटवरून बोलता येईल असे चार-पाच पत्ते, ज्यांना आपण एंडपॉइंट म्हणतो, तेवढे पुरेत.

मजकुरात जे सांगितलेलं नाही त्याचे मात्र दोन भाग करावे लागतात. काही गोष्टी सुटल्या तरी उत्तर बदलत नाही, लॉगिन त्यातलंच. काही गोष्टींवर उत्तरच अवलंबून असतं. खर्च नेहमी सगळ्यांत समान वाटायचा, की रात्रीच्या जेवणाला चौघंच होते तर चौघांतच वाटायचा? सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला तर आधीच्या नोंदी राहायला हव्यात का? हे दोन प्रश्न ईमेल आल्याच्या दिवशीच, थोडक्यात, एकाच पत्रात विचारून टाकावेत. विचारल्याने उमेदवार कच्चा ठरत नाही. कामावर रुजू झाल्यावरही अर्धवट मागणी हातात येते आणि कोड लिहिण्याआधी दोन नेमके प्रश्न विचारावे लागतात, तेव्हा तपासणाऱ्याला हे पत्र आवडतंच. भाषा कुठली वापरू, डेटाबेस कुठला घेऊ, असले प्रश्न मात्र टाळावेत. तो निर्णय तुमचाच असल्याचं गृहीत धरलेलं असतं.

उत्तर एका दिवसात आलं नाही तर थांबायचं नाही. आपणच ठरवायचं आणि लिहून ठेवायचं. आपल्या उदाहरणात असं ठरवू की खर्च नोंदवताना त्यात कोण कोण सहभागी ते सांगायचं आणि त्या लोकांत तो समान वाटायचा. नोंदी एस्क्यूलाइटमध्ये ठेवायच्या. एका फाइलमध्ये मावणारा हा डेटाबेस आहे, तपासणाऱ्याला वेगळं काही बसवावं लागत नाही. पोस्टग्रेस घेतलं असतं तर त्याला आधी ते चालू करावं लागलं असतं, आणि एवढ्याशा कामात त्यातून काही मिळालं नसतं.

या असाइनमेंटचा खरा जीव हिशेबात आहे. हजार रुपये तिघांत वाटले की प्रत्येकी 333.33 येतात. तिप्पट केली की 999.99. एक पैसा कुठे गेला? त्यातून रक्कम दशांश अपूर्णांकात साठवली की दुसरा घोळ सुरू होतो. संगणक असे अपूर्णांक द्विमान पद्धतीत ठेवतो आणि 0.1 सारखी साधी संख्याही त्याला तंतोतंत ठेवता येत नाही. पायथनमध्ये `0.1 + 0.2` लिहून पाहा, उत्तर `0.30000000000000004` येतं. वीस-तीस खर्चांच्या बेरजा-वजाबाक्या झाल्यावर ज्याचा हिशेब शून्य व्हायला हवा त्याच्या नावावर कणभर रक्कम उरते आणि सेवा सांगते, ‘रवीने आशाला 0.00 रुपये द्यावेत’. अशी ओळ दिसली की तपासणाऱ्याला कारण लगेच कळतं.

उपाय जुनाच आहे. रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवायची. हजार रुपये म्हणजे 1,00,000 पैसे. त्याला तीनने भागायचं, भागाकार प्रत्येकाला द्यायचा आणि बाकी उरेल तेवढे पैसे यादीतल्या पहिल्या माणसांना एकेक वाढवायचे.

```python
def split_equally(amount_paise, members):
    share, left = divmod(amount_paise, len(members))
    return {
        name: share + (1 if i < left else 0)
        for i, name in enumerate(members)
    }
```

पहिल्याच्या वाट्याला 33,334 पैसे येतात, उरलेल्या दोघांच्या 33,333. बेरीज बरोबर एक लाख. हे पाच-सहा ओळींचं फंक्शन आणि त्याच्याखालची टेस्ट, यांत उमेदवाराबद्दल जेवढं कळतं तेवढं लॉगिनच्या चारशे ओळींतून कळत नाही.

```python
def test_no_paisa_is_lost():
    shares = split_equally(100000, ["asha", "ravi", "meena"])
    assert sum(shares.values()) == 100000
    assert max(shares.values()) - min(shares.values()) <= 1
```

टेस्टचं नावच सांगतं की कशाची काळजी घेतली आहे. दुसरी ओळ एक पैसाही हरवत नाही हे तपासते, तिसरी ओळ कोणावर एका पैशाहून जास्त भार पडत नाही हे. सहभागी लोकांची यादी रिकामी आली तर काय, हेही इथेच सुचायला हवं. वरचं फंक्शन तेव्हा शून्याने भागायला जाईल आणि कोसळेल. म्हणून खर्च नोंदवण्याच्या दारातच अशी विनंती नाकारायची आणि कारण स्पष्ट सांगायचं. ऋण रक्कम, शून्य रक्कम, गटात नसलेल्या माणसाचं नाव आणि एकच नाव दोनदा आलेली यादी, यांचंही तसंच. हे शेवटचं फसवं आहे. नाव दोनदा आलं की वाटे तीन पडतात, पण नोंद दोघांचीच होते आणि तिसरा वाटा गायब होतो. सेवा कोसळत नाही, मुकाट्याने चुकीचं उत्तर देते. टेस्ट लिहिताना हातून निसटतात ती बहुधा अशीच प्रकरणं.

मग येतो शेवटचा भाग, कोणी कोणाला किती द्यायचे. प्रत्येकाने भरलेली रक्कम वजा त्याच्या वाट्याची रक्कम काढली की कोणाचं येणं आहे, कोणाचं देणं, ते कळतं. आता फेड लावायची. सगळ्यात सोपी रीत अशी: सर्वांत जास्त येणं असलेला आणि सर्वांत जास्त देणं असलेला यांची जोडी लावायची, दोन्हींतली लहान रक्कम फेडून टाकायची, आणि सगळे शून्यावर येईपर्यंत हेच करत राहायचं. प्रत्येक फेडीत निदान एकाचा हिशेब मिटतो आणि शेवटच्या फेडीत दोघांचा, त्यामुळे पाच माणसं असतील तर चार व्यवहारांत काम संपतंच.

पण ही रीत दरवेळी कमीत कमी व्यवहार देते का? देत नाही. समजा आशाला 500 रुपये यायचे आहेत आणि बाळूला 400. चित्राने 400 द्यायचे आहेत, दिनेशने 300 आणि ईशाने 200. आपली रीत चित्राचे 400 आशाला देईल, कारण त्या दोघांच्या रकमा सगळ्यात मोठ्या. मग दिनेशचे 300 बाळूला. आता आशाचे 100 आणि बाळूचे 100 राहिले, ते ईशाला दोन वेगळ्या व्यवहारांत फेडावे लागतात. एकूण चार. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर दिसतं की चित्राने बाळूला 400 द्यावेत, दिनेशने आशाला 300 आणि ईशानेही आशालाच 200. तीन व्यवहारांत मोकळे.

मग ही रीत टाकून नेमकं कमीत कमी उत्तर शोधायचं का? इथे व्याप्तीचा खरा निर्णय आहे. कमीत कमी व्यवहार शोधण्याचा हा प्रश्न संगणकशास्त्रात एनपी-हार्ड गटात मोडतो. म्हणजे माणसं वाढत गेली तरी लवकर सुटेल अशी नेमकी पद्धत कोणाला माहीत नाही. पाच-दहा जणांच्या गटासाठी सगळ्या शक्यता तपासता येतात, पण त्यात तास-दीड तास जाईल आणि कोड गुंतागुंतीचा होईल. मजकुरात ‘कमीत कमी’ असा शब्दच नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: सोपी रीत घ्यावी, ती बरोबर लिहावी, आणि वरचं पाच जणांचं उदाहरण रीडमीत देऊन सांगावं की व्यवहार माणसांच्या संख्येपेक्षा एकने कमी, याच्या पुढे कधीच जात नाहीत, पण दरवेळी ते किमान असतील असं नाही. मर्यादा ओळखली आहे, ती का स्वीकारली ते ठाऊक आहे, एवढं त्या चार ओळींतून कळतं. तोच कोड या ओळींशिवाय आला तर तपासणाऱ्याला वाटेल की हे उमेदवाराच्या लक्षातच आलं नाही.

कोडचा दर्जा म्हटलं की नवीन मुलं रचनेचे नमुने घेऊन बसतात. एवढ्या कामाला तीन फाइल पुरतात. `split.py` मध्ये फक्त हिशेब, त्यात इंटरनेटचा किंवा डेटाबेसचा उल्लेखही नको. `store.py` मध्ये नोंदी साठवणं आणि वाचणं. `app.py` मध्ये विनंती घेणं, तपासणं आणि उत्तर देणं. हिशेब वेगळा ठेवल्याचा फायदा लगेच मिळतो. वरची टेस्ट चालवायला सर्व्हर सुरू करावा लागत नाही. याच्या दोन्ही बाजूंना खड्डे आहेत. एका बाजूला `app.py` मध्ये दोनशे ओळींचं एकच फंक्शन, ज्यात तपासणी, भागाकार आणि डेटाबेसच्या क्वेऱ्या एकमेकांत मिसळलेल्या. दुसऱ्या बाजूला पाच एंडपॉइंटसाठी पंचवीस फाइल, प्रत्येकीत दहा ओळी, आणि एक खर्च नोंदवताना काय होतं ते कळायला त्यांतल्या सात उघडाव्या लागतात. मला दुसरा खड्डा जास्त काळजीचा वाटतो, कारण तो खोदायला कष्ट घेतलेले असतात आणि उमेदवाराला तेच आपलं कौशल्य वाटत असतं.

टेस्ट किती लिहाव्यात? हिशेबाच्या भागावर सात-आठ, आणि एक टेस्ट सगळ्या प्रवासाची: गट तयार केला, तिघं जोडले, दोन खर्च नोंदवले, अखेरचं उत्तर बरोबर आलं. टेस्टखाली कोडचा किती टक्के भाग येतो, त्या आकड्याच्या मागे लागू नये. डेटाबेसमधून नाव वाचून आणणाऱ्या ओळीची टेस्ट लिहून तो आकडा वाढतो, पण पैसा हरवतो आहे का ते त्यातून कळत नाही.

आता वेळ. ‘साधारण चार तास’ हा आकडा असाइनमेंट रचणाऱ्याचा असतो. उत्तर काय हवं ते त्याला ठाऊक असतं, म्हणून तो बहुधा कमीच पडतो. मी सांगतो ती मर्यादा दीडपटीची: चारचे सहा होऊ द्यावेत, त्यापुढे थांबावं. त्या सहा तासांतला पहिला अर्धा तास कीबोर्डला हात न लावता वाचण्याचा आणि ठरवण्याचा. पुढचे तीन तास हिशेब, साठवण आणि एंडपॉइंट, याच क्रमाने; हिशेब आधी, कारण मध्येच वेळ संपला तरी मुख्य भाग हातात राहतो. मग तासभर टेस्ट आणि चुकीच्या विनंत्या. शेवटचा दीड तास लेखनाचा आणि तपासणीचा, आणि हा दीड तास कशालाही उसना द्यायचा नाही. प्रत्यक्षात तोच पहिल्यांदा खाल्ला जातो. रात्रीचे अकरा वाजलेले असतात, एक एंडपॉइंट नीट चालत नसतो, आणि रीडमी दोन ओळींत उरकली जाते.

सहा तासांनंतर काही राहिलं असेल तर काय करायचं? राहिलेल्या भागाचे दोन प्रकार असतात. मागितलेल्या तीन गोष्टींपैकी एक अर्धी असेल, तर ती लहान करून पूर्ण करावी. उदाहरणार्थ, खर्च नोंदवता येतो पण दुरुस्त करता येत नाही, एवढ्यावर थांबावं. न मागितलेलं काही अर्धं असेल तर ते सरळ काढून टाकावं. अर्धवट लॉगिन ठेवून देण्यापेक्षा लॉगिन नसणं कितीतरी चांगलं, कारण अर्धवट भाग दिसला की तपासणारा तिथेच थांबतो आणि त्याचीच चिकित्सा सुरू करतो.

सुरुवातीलाच एक हिशेब मात्र करायला हवा. काही असाइनमेंट चार तासांच्या नसतातच. स्क्रीन, मोबाइल ॲप, पैसे भरण्याची सोय, क्लाउडवर चालू ठेवलेली सेवा, असं सगळं मागितलं असेल तर ते तीन-चार दिवसांचं काम आहे. नोकरी सांभाळून आठवड्यात तीन-चार मुलाखती देणाऱ्याला, घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असणाऱ्याला एवढा वेळ कुठून येणार? तेव्हा नम्रपणे लिहावं, ‘मी सहा तास देऊ शकतो, त्यात यापैकी अमुक भाग पूर्ण करून पाठवेन, चालेल का?’ समजूतदार कंपनी हो म्हणते. नाही म्हणाली, तर तिथे कामाचे तास कसे मोजले जातात याची कल्पना आधीच आली. आणि असाइनमेंटमध्ये कंपनीचा स्वतःचा खरा डेटा असेल, तिच्याच चालू प्रणालीला जोडायला सांगितलं असेल, थेट वापरता येईल अशा अवस्थेत हवं असेल, तर ते फुकटात करून घेतलेलं काम असण्याची शक्यता मोठी. तिथे मोबदल्याबद्दल विचारावं किंवा सोडून द्यावं, माझा सल्ला तरी हाच आहे. सध्याच्या कंपनीच्या लॅपटॉपवर असाइनमेंट करू नये आणि तिथला कोड त्यात उचलून टाकू नये, हेही इथेच सांगतो. पहिल्याने करारात अडचण येते, दुसऱ्याने नव्या कंपनीचा विश्वास जातो.

रीडमीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण ती सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित आहे. तिची सुरुवात चालवण्याच्या आज्ञांनी व्हावी, कुठल्या पायथनवर तपासलं त्या आवृत्तीसकट. मग एक नमुना विनंती आणि तिचं उत्तर, जसंच्या तसं चिकटवता येईल असं. त्यानंतर गृहीतकं: रक्कम पैशांत ठेवली आहे, उरलेला पैसा यादीतल्या पहिल्याला जातो, वाटणी समान आहे. मग जे केलं नाही ते आणि का नाही ते. शेवटी, आणखी एक दिवस मिळाला असता तर आधी काय केलं असतं. एवढं सगळं दीड पानात बसतं.

यातला ‘केलं नाही’ हा भाग लिहिताना अनेकांचा सूर माफीचा होतो. ‘वेळेअभावी लॉगिन करता आलं नाही, क्षमस्व.’ यातून तपासणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी असं लिहावं: ‘लॉगिन घेतलेलं नाही, कारण मागणीत नाही. आत्ता गटाचा क्रमांक माहीत असलेला कोणीही त्या गटात खर्च नोंदवू शकतो. प्रत्यक्ष वापरात आणण्याआधी हे बंद करावं लागेल.’ तीच उणीव, पण आता तिचा परिणाम आणि पुढचं पाऊल समोर आहे. किती वेळ दिला तोही खरा लिहावा. सहा तास लागले असतील तर सहा. बारा तासांचं काम चार तासांचं म्हणून सांगितलं की तपासणाऱ्याला शंका येते, आणि ती शंका नंतर प्रत्येक उत्तराला चिकटते.

पाठवण्याआधीची एक तपासणी मी कधीच वगळू देणार नाही. आपल्या संगणकावर नवं रिकामं फोल्डर घ्या, रीपो तिथे पुन्हा क्लोन करा, आणि रीडमीत लिहिलेल्या आज्ञा, फक्त त्याच, एकेक करून चालवा.

```bash
git clone ../kharch kharch-check
cd kharch-check
python3 -m venv .venv
source .venv/bin/activate
pip install -r requirements.txt
python -m pytest
```

शक्य असेल तर हे मित्राच्या संगणकावर करावं. इथे जे बाहेर पडतं ते ठरावीक असतं. एखादं पॅकेज आपल्याकडे आधीच बसवलेलं होतं, पण `requirements.txt` मध्ये लिहायचं राहिलं. आवृत्ती न लिहिल्याने नवी आवृत्ती आली आणि काहीतरी मोडलं. डेटाबेसचा रस्ता `C:\Users\...\Desktop` असा थेट लिहिला गेला. गुप्त माहितीची `.env` फाइल गिटमध्ये टाकली नाही हे बरोबरच, पण तिच्यात काय असायला हवं ते सांगणारी `.env.example` द्यायची राहिली. डेटाबेसमधली कोष्टकं आपण केव्हातरी हाताने तयार केली होती आणि ते लिहायचं विसरलो. ‘माझ्या मशीनवर चालत होतं’ असं म्हणायची वेळ येते ती बहुतेक यांपैकीच एका कारणाने, आणि शोधायला वीस मिनिटं पुरतात.

झिप मागितली असेल तर फोल्डर जसंच्या तसं झिप करू नये. `.venv` मधल्या हजारो फाइल सोबत जातात. `git archive --format=zip -o kharch.zip HEAD` ही आज्ञा गिटमध्ये कमिट झालेल्या फाइलच घेते. रीपोचा दुवा मागितला असेल तर तो खासगी ठेवून तपासणाऱ्याला आमंत्रण पाठवावं. आपली असाइनमेंट जाहीर झालेली बऱ्याच कंपन्यांना चालत नाही. मात्र `git archive` ने दिलेल्या झिपमध्ये कमिटांचा इतिहास जात नाही, म्हणून निवड आपल्या हातात असेल तर दुवाच द्यावा. ‘समान वाटणी, उरलेले पैसे धरून’, ‘रिकाम्या यादीला नकार’ अशा अर्थाच्या दहा-बारा कमिटांतून काम कसं वाढत गेलं ते दिसतं. ‘final’ नावाच्या एकाच कमिटमधून ते दिसत नाही.

आणि असाइनमेंट पाठवून झाली तरी काम संपत नाही, कारण पुढच्या फेरीत तोच कोड समोर ठेवून तासभर बोलणं होतं. तिथे मी हमखास एक बदल मागतो: ‘आता एखादा माणूस बायको-मुलासह आला, त्याचे तीन वाटे धरायचे, तर?’ हिशेब `split.py` मध्ये एकटा बसलेला असेल तर उमेदवार नावांच्या यादीऐवजी नाव आणि वाटे यांची जोडी घेतो, एकूण वाट्यांनी भागतो, उरलेले पैसे एकेका वाट्याला एकेक देतो, जुन्या टेस्ट त्यानुसार बदलून चालवतो आणि नवी जोडतो. पंधरा-वीस मिनिटांत होतं. हिशेब इतर गोष्टींत विरघळलेला असेल तर पहिली दहा मिनिटं कुठे हात घालायचा ते शोधण्यातच जातात.

दुसरा प्रश्न उरलेल्या पैशाचा असतो. ‘यादीत आशा नेहमी पहिली आहे. शंभर खर्चांनंतर दरवेळचा जास्तीचा पैसा तिच्याच माथी बसेल. हे बरोबर आहे का?’ यावर चालतील अशी निदान तीन उत्तरं मी ऐकली आहेत. खर्चाच्या क्रमांकानुसार यादी फिरवायची. ज्याने पैसे भरले त्यानेच जास्तीचा पैसा सोसायचा. किंवा शंभर खर्चांत मिळून फार तर एका रुपयाचा फरक आहे, नियम साधा ठेवला तर तो सगळ्यांना समजतो, म्हणून बदलायचं नाही. तिसरं उत्तर देणाऱ्यालाही मी पूर्ण गुण देतो, त्याने ते आकडा काढून दिलं असेल तर.